साहेब, बरोबरीचा आणि हाताखालचा: एकच बातमी तिघांना कशी लिहावी

प्रश्न: «रत्नागिरीजवळ आंबा पल्पच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. या हंगामात शिफ्टची जबाबदारी माझ्याकडे आली. साहेबांना लिहिलं की ते फोन करून विचारतात, "मग मी काय करू?" मेंटेनन्सचे इन्चार्ज माझ्याच पदाचे, पण माझा मेसेज त्यांना हुकूम वाटतो. लाइनवरची मुलं "ओके मॅडम" म्हणतात आणि काम होत नाही. त्यात काहीजण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. तिघांशी लिहिताना सूर कसा बदलायचा?»

तुमच्या तिन्ही तक्रारी वाचल्यावर मला वाटतं की नम्रता कमी पडते म्हणून हे होत नाहीये. मेसेज वाचून झाल्यावर समोरच्याने नेमकं काय करायचं, हे तिघांच्याही बाबतीत मोकळं राहतंय. साहेबांना निर्णय घ्यायचा असतो. बरोबरीच्या माणसाला स्वतःच्या कामातून वेळ काढून तुम्हाला द्यायचा असतो, आणि तो नाहीही म्हणू शकतो. हाताखालच्याला काम करायचं असतं, आणि अडलं तर तुम्हाला सांगायचं असतं. सूर या तीन गोष्टींतून ठरतो. 'साहेब', 'भाऊ', 'काका' ही संबोधनं त्यानंतर येतात.

काही गोष्टी तुमच्या कारखान्यावर अवलंबून आहेत. मालक रोज लाइनवर फिरत असेल तर त्याला लांब लिहिण्याची गरज नसते, कारण अर्धी परिस्थिती त्याने पाहिलेली असते. ऑफिस मुंबईला असेल तर तोच मेसेज पुढे कोणाकोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. काही ठिकाणी सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, काही ठिकाणी मेलशिवाय नोंद धरत नाहीत. मी मासळी प्रक्रियेत आणि नंतर कॅनिंगमध्ये, दोन्हीकडे क्वालिटी सांभाळली आहे. तेव्हा तुमच्याच कामातला एक प्रसंग घेऊन तीन मेसेज लिहून दाखवते.

मे महिन्याची अखेर आहे असं धरा. पाऊस तोंडावर आल्यामुळे बागायतदार मिळेल तो आंबा कॅनिंगला पाठवतायत आणि लाइन सकाळपासून सुरू आहे. ३.१ किलोचे डबे, मिनिटाला साधारण १०. आठ वाजता तुमच्या लाइनवरच्या मुलाने सीमिंग मशीनच्या, म्हणजे डब्याला झाकण बसवणाऱ्या यंत्राच्या, चारही हेडचा एकेक डबा कापून शिवण तपासली, ठीक होती. बारा वाजता पुन्हा कापली तर चौथ्या हेडच्या डब्यात ओव्हरलॅप ३८ टक्के आला. तुमच्याकडची किमान मर्यादा ४५ आहे. बाकी तीन हेड ठीक.

जे या कामात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डब्याच्या तोंडाची कड आणि झाकणाची कड एकमेकींत अडकवून दाबतात, तिला दुहेरी शिवण म्हणतात. डब्याची वळलेली कड म्हणजे बॉडी हुक, झाकणाची वळलेली कड म्हणजे कव्हर हुक. दोन्ही कडा आत किती एकमेकींवर चढल्या, ते म्हणजे ओव्हरलॅप. तो कमी असेल तर डबा बाहेरून चांगला दिसतो, पण उकळत्या पाण्यातून काढून थंड करताना आत निर्वात तयार होतो आणि सैल शिवणीतून थंड करण्याचं पाणी सूक्ष्मजीवांसकट आत ओढलं जातं. पुढे काही दिवसांनी डबा फुगतो.

आठ ते बारा म्हणजे २,४०० डबे. सहाच्या हिशेबाने ४०० खोकी, आत साधारण साडेसात टन पल्प. चौथ्या हेडचे त्यातले ६०० असतील, पण कोणता डबा कोणत्या हेडखालून गेला हे बाहेरून कळत नाही. म्हणून सगळेच अडकले.

कोणालाही लिहायच्या आधी मी पाच गोष्टी कागदावर उतरवते: काय दिसलं, शेवटचं चांगलं केव्हा होतं, किती माल मध्ये आला, आत्तापर्यंत काय केलं, आणि काय अजून माहीत नाही. हा कागद तिन्ही मेसेजसाठी एकच. सूर बदलला तरी आकडे आणि वेळ बदलत नाही. साहेबांना 'थोडासा फरक', मेंटेनन्सला 'मोठा प्रॉब्लेम' आणि मुलांना 'सगळं बिघडलंय' असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेने गेलं, तर संध्याकाळपर्यंत तिघं एकमेकांशी बोलतात आणि तुमच्या पुढच्या मेसेजवर कोणाचाच विश्वास राहत नाही. आपल्याकडे कारखाने लहान, माणसं आसपासच्या गावांतली, त्यामुळे हे फार लवकर घडतं.

आता साहेब. अशा वेळी बहुतेक जण असं लिहितात: 'नमस्कार साहेब, आज सकाळपासून लाइन व्यवस्थित चालू होती. आठ वाजता तपासणी केली तेव्हा रीडिंग ठीक होते. त्यानंतर बारा वाजता तपासणी केली असता असे निदर्शनास आले की सीमिंगमध्ये थोडा फरक येत आहे. तरी आपल्या माहितीसाठी कळवत आहे.' यात आदर भरपूर आहे. पण साहेब मीटिंगमध्ये बसून पहिल्या दोन ओळी वाचतात, आणि त्या ओळी सांगतात की सगळं ठीक आहे. शेवटी 'माहितीसाठी' लिहिल्यामुळे त्यांनी काही करायचं आहे हेही कळत नाही. मग ते फोन करतात आणि विचारतात, "मग मी काय करू?"

मी असं लिहीन: 'साहेब, सीमिंग लाइन १२ वाजता थांबवली आहे. सकाळी ८ ते १२ चे २,४०० डबे होल्डवर ठेवले आहेत. ३ वाजेपर्यंत तुमचा निर्णय हवा आहे. चौथ्या हेडचा ओव्हरलॅप ३८ टक्के आला, मर्यादा ४५ आहे. बाकी तीन हेड ठीक. कारण अजून कळलेलं नाही, मेंटेनन्स बघत आहे. दोन मार्ग आहेत. आजच सगळे डबे उघडून पल्प पुन्हा प्रोसेस करायचा, किंवा पंधरा दिवस ठेवून फुगलेले वेगळे काढायचे. माझं मत आजच उघडावेत. पंधरा दिवसांनंतर न फुगलेल्या डब्याचीही खात्री देता येणार नाही. उघडायचे तर दुसऱ्या शिफ्टला १२ माणसं जास्त लागतील आणि २,४०० डबे वाया जातील. दुसऱ्यांदा तापवल्याने रंग-वास थोडा उतरेल, म्हणून हा माल वेगळ्या कोडने ठेवू. पुढची खबर दीड वाजता देते.'

पहिल्या दोन वाक्यांत काय थांबलं आणि काय अडकलं ते आलं, तिसऱ्यात त्यांच्याकडून काय हवं ते. मेसेज तिथेच सोडून ते मीटिंगमध्ये परत गेले तरी मुख्य गोष्ट त्यांना कळलेली असते. मत मी माझं म्हणून दिलं, आणि त्याचा तोटाही सोबत लिहिला. तोटा लपवलेलं मत साहेब लोक लगेच ओळखतात. 'कारण अजून कळलेलं नाही' हे वाक्य लिहायला नव्या माणसाला संकोच वाटतो, पण ते नसेल तर साहेब स्वतःच एखादं कारण धरतात आणि मुंबईला तेच सांगून मोकळे होतात. शेवटी पुढच्या खबरीची वेळ दिली की मधल्या तासात चार फोन येत नाहीत. दीड वाजता काही नवीन नसलं तरी 'अजून काम चालू आहे' एवढं तरी पाठवायचंच.

क्षमा मी कुठेही मागितली नाही. लाइन थांबवणं हे क्वालिटीचं कामच आहे. त्याबद्दल क्षमा मागितली तर आपण काहीतरी चुकीचं केलं असा सूर लागतो, आणि मग थांबवलेली लाइन लवकर सुरू करण्याचा दबाव आपल्यावरच येतो. कोणाचं नावही घातलं नाही. साहेब हाच मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलतील असं धरून लिहावं. कारण सापडायच्या आधी गेलेलं नाव नंतर कोणी मागे घेत नाही. आणि एवढी मोठी गोष्ट असेल तर आधी फोन, मग मेसेज. फोनवर एक वाक्य पुरतं, मेसेज नोंदीसाठी.

'आपण', 'आपल्या', 'कळवावे' ही रूपं हवीत का, हे तुमच्या कारखान्यातल्या रीतीवर अवलंबून आहे. ज्या साहेबांशी रोज 'तुम्ही' म्हणून बोलता त्यांना अडचणीच्या दिवशी अचानक 'आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते' लिहिलंत, तर त्यांना वाटतं की ही बाई स्वतःला वाचवायला कागद तयार करते आहे. बोलण्यात जे रूप आहे तेच लिहिण्यात ठेवावं.

बरोबरीच्या माणसाला लिहिणं मला सगळ्यांत अवघड वाटतं, आणि तुमची खरी अडचणही तिथेच असावी. मेंटेनन्सचे इन्चार्ज तुमच्या हाताखाली नाहीत. त्यांच्याकडे त्याच वेळी बॉयलर, कंप्रेसर आणि पल्पर आहे. त्यांना 'अर्जंट! सीमरचा रोल झिजलाय, लगेच या' असं गेलं तर हुकुमापेक्षा मोठी अडचण त्यात आहे. तुम्ही त्यांच्या कामाचं निदान करून टाकलंत. रोल झिजला असेल, चक हलला असेल, खालच्या प्लेटचा दाब कमी झाला असेल, पहिल्या शिवणीचं सेटिंग सरकलं असेल. यातलं काय, ते ओळखणं त्यांचं काम. तुम्ही दिसलेलं सांगा.

'भाऊ, सीमर थांबवलाय. चौथ्या हेडचा ओव्हरलॅप ३८ येतोय, आठ वाजता ५१ होता. बॉडी हुक बरोबर आहे, कव्हर हुक आखूड दिसतोय. बाकी तीन हेड ठीक. कापलेले डबे हेडचे नंबर घालून टेबलावर ठेवलेत. तुम्हाला यायला किती वेळ लागेल? साहेबांना दीडला सांगायचंय, तोपर्यंत अंदाज मिळाला तरी पुरे. ॲडजस्ट केल्यावर डबे कापायला मी स्वतः थांबते, तुम्हाला वाट बघावी लागणार नाही.'

इथे कव्हर हुक आखूड आहे हे निरीक्षण आहे, कारण नाही. ते वाचून चांगला फिटर कुठून सुरुवात करायची ते स्वतः ठरवतो, आणि ते ठरवण्याचा मान त्याच्याकडेच राहतो. 'किती वेळ लागेल' हा खरा प्रश्न आहे. त्यांनी 'बॉयलर सोडता येत नाही, एक तास लागेल' असं उत्तर दिलं तर ते मान्य करायची तयारी असेल तरच विचारा. मुदत दिली तर ती कुठून आली तेही सांगा, म्हणजे ती तुमची लहर वाटत नाही. आणि आपल्या बाजूने काय देतो आहोत ते लिहा. बरोबरीच्या नात्यात घेणं आणि देणं एकाच मेसेजमध्ये दिसलं की हुकुमाचा वास जातो.

ग्रुपवर साहेब असताना मेंटेनन्सला काम सांगणं शक्यतो टाळा. तुमच्या मनात नसलं तरी त्यांना ते चारचौघांत उभं केल्यासारखं वाटतं. आधी त्यांना खासगी मेसेज किंवा फोन, मग ग्रुपवर दोघांच्या वतीने एक ओळ: 'मेंटेनन्स दीडपर्यंत अंदाज देत आहे.' नोंद लागतच असेल, म्हणजे काम वारंवार लांबत असेल, तर मेल करा. पण त्यांना आधी सांगा की यावेळी मेल करते आहे, साहेब त्यात असतील. न सांगता टाकलेली प्रत फार दिवस लक्षात राहते.

तुम्ही एकाच शाळेतले असाल आणि एरवी 'अरे-तुरे' चालत असेल, तर खासगीत तसंच लिहा. मालवणीत लिहिलं तरी हरकत नाही. पण आकडे, वेळ आणि हेडचा नंबर मात्र साध्या, सरळ शब्दांत असू देत, कारण तो मेसेज त्याच्या फिटरला दाखवला जातो.

आता लाइनवरची माणसं. 'सर्वांनी सीमिंगकडे नीट लक्ष द्यावे' या मेसेजवर 'ओके मॅडम' हेच उत्तर येतं, कारण त्यात करण्यासारखं काहीच नाही. उलट टोकाला काहीजण फार मऊ लिहितात: 'जमलं तर ते डबे जरा बाजूला ठेवशील का?' मेंटेनन्सच्या भाऊंना प्रश्न विचारणं बरोबर होतं, कारण त्यांच्याकडे खरोखर पर्याय होता. इथे पर्याय नाही. होल्डचा माल चांगल्या मालात मिसळला तर तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही त्याला 'करशील का' विचारलं, तर तो ते काम सवडीने करतो, आणि त्यात त्याची चूक नाही. आज्ञा सरळ द्यावी. मऊपणा संबोधनात, कारणात आणि मदतीत ठेवावा.

'काका, सकाळी ८ ते १२ चा सगळा माल होल्डला घ्यायचा आहे. उकळत्या टाकीतून निघालेला, थंड टाकीतला आणि खोक्यात भरलेला, तिन्ही. उत्तरेकडच्या भिंतीला लावा, लाल टेप बांधा, प्रत्येक पॅलेटवर होल्डची चिठ्ठी लावा. चौथ्या हेडची शिवण सैल आली आहे, बाहेरून दिसत नाही, म्हणून चांगले दिसणारे डबेही सोडायचे नाहीत. एक वाजेपर्यंत व्हायला हवं. झालं की किती खोकी, किती सुटे डबे आणि पहिला-शेवटचा कोड कोणता, ते लिहून पाठवा. माणसं कमी पडली किंवा जागा पुरली नाही तर थांबू नका, लगेच मला फोन करा.'

यातलं 'चांगले दिसणारे डबेही सोडायचे नाहीत' हे वाक्य काढून टाकू नका. अनुभवी माणूस डबा हातात घेऊन बघतो, त्याला शिवण ठीक वाटते, आणि चांगला माल कशाला अडकवायचा म्हणून तो सोडून देतो. हे निष्काळजीपणाने होत नाही, मालकाचं नुकसान वाचवायच्या हेतूने होतं. कारण माहीत असेल तर तोच माणूस तुम्ही न सांगितलेल्या ठिकाणीही बरोबर वागतो. धुवायला बाजूला काढलेले वीस डबे त्याच वेळचे आहेत, हे त्याच्याच लक्षात येतं.

शेवटी 'समजलं का?' विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' हेच असतं, विशेषतः विचारणारी वयाने लहान आणि पदाने मोठी असेल तर. काम झाल्याशिवाय लिहिताच येणार नाही असं काहीतरी मागा. खोक्यांचा आकडा आणि कोड आला, आणि तो हिशेब २,४०० डब्यांशी जुळला, म्हणजे काम झालं. ४०० ऐवजी ३८५ खोकी आली तर उरलेले ९० डबे सुटे आहेत की कुठे पुढे गेले, हे तुम्हाला एक वाजताच कळतं. गाडी भरताना कळायची वेळ येत नाही.

वयाने मोठ्या माणसांना 'काका', 'ताई' आणि 'तुम्ही' लिहिण्यात तुमचा अधिकार कमी होत नाही. 'काका, लाल टेप बांधा' ही पूर्ण आज्ञाच आहे. अधिकार कमी होतो तो काकांना वाईट वाटेल म्हणून वेळ आणि आकडा न लिहिल्याने. तरुण मुलाला तुम्ही एरवी 'तू' म्हणत असाल तर 'तू' ठीक आहे, पण ग्रुपवर दोघांनाही लिहायचं असेल तर सगळ्यांना 'तुम्ही' करा. एका वाक्यात काकांना 'करा' आणि पुढच्यात मुलाला 'कर' असं चारचौघांसमोर दिसू नये.

चूक दाखवायची असेल तर सूर पुन्हा बदलतो. समजा दहा वाजताच्या नुसत्या नजरेच्या तपासणीपुढे सही आहे पण निरीक्षणाची जागा रिकामी आहे. हे ग्रुपवर नको. त्या मुलाला एकट्याला, आणि आधी प्रश्न: 'दहाच्या तपासणीत सही दिसते, निरीक्षण लिहिलेलं नाही. त्या वेळी काय झालं होतं?' इथे प्रश्नच योग्य आहे, कारण उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. कदाचित त्याला त्या वेळी डबे उतरवायला बोलावलं असेल, आणि मग दुरुस्ती त्या मुलात नाही, कामाच्या वाटणीत करायची असते. 'तुझ्यामुळे २,४०० डबे गेले' असं लिहिलंत, तर पुढच्या वेळी रकाना रिकामा राहणार नाही. त्यात न घेतलेलं निरीक्षण भरलेलं असेल, आणि ते तुम्हाला ओळखताही येणार नाही.

सूर बरोबर लागला की नाही ते येणाऱ्या उत्तरावरून कळतं. साहेबांचं उत्तर 'उघडा' किंवा 'थांबा, मी येतो' असं एका ओळीचं आलं तर मेसेज बरोबर होता. त्यांनी प्रश्न विचारला तर तो प्रश्न पुढच्या वेळी तुमच्या कागदावर घ्या. मेंटेनन्सकडून नुसतं 'बघतो' आलं तर बहुधा त्यांना हुकूम वाटला आहे. वेळ किंवा उलटप्रश्न आला तर ते कामाला लागले आहेत. लाइनवरून कधीच अडचण कळवणारा फोन येत नसेल, तर सगळं सुरळीत आहे असं समजू नका. तुमच्या आधीच्या एखाद्या उत्तराने तो फोन बंद केलेला असू शकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण हंगामात लागेल. लाइनवर बाहेरून आलेले कामगार असतील, ज्यांना मराठी वाचता येत नाही, तर त्यांच्यासाठी मेसेज लिहूच नका. हिंदीत अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, आणि होल्डच्या चिठ्ठीचा व लाल टेपचा फोटो सोबत द्या. आकडा आणि कोड मात्र त्यांच्या मुकादमाकडून लिहूनच मागवा.